बॉट मी लिहिला, राजीनामा तिनं

‘रटाळ काम यंत्राकडे, चांगलं काम माणसाकडे.’ ही ओळ मी स्वतः स्लाइडवर टाकून क्लायंटला दाखवली आहे. ती खोटी आहे, आणि कशी खोटी आहे हे मला सांगता येतं, कारण तो बॉट मीच लिहिला.

पुण्यातल्या एका सेवा कंपनीत आमची टीम परदेशी क्लायंटची बिलं तपासायची. ई-मेलवर पीडीएफ येतं. बिल, खरेदीची ऑर्डर आणि माल पोचल्याची नोंद, ही तिन्ही जुळली की पेमेंट पुढं सरकतं. हे काम अठरा जण करत होते. त्यांत आमच्याच बाजूची, कोडोलीची, बी.कॉम. झालेली एक मुलगी होती. मी वारणानगरचा, म्हणून ती मला दादा म्हणायची.

माझा बॉट बिल वाचतो आणि प्रत्येक रकान्याला खात्रीचा आकडा देतो. निर्णय या दोन ओळींत होतो:

```
if confidence >= 0.85 and match:
    post(invoice)
```

बाकी सगळं माणसाच्या रांगेत जातं. सुरुवातीला हा आकडा ०.९५ होता. रांग मोठी दिसते म्हणून मला तो खाली आणायला सांगितलं. रांग घटली, पण चुका घटल्या नाहीत. त्या फक्त माणसाच्या नजरेआड गेल्या.

आता त्या ‘चांगल्या कामा’चं बघा. सोपी बिलं बॉटनं नेली. उरली ती पुसट स्कॅनची, चुकीच्या ऑर्डर नंबरची, अर्धाच माल पोचलेली. सोप्या बिलाला दोन मिनिटं लागायची, अशा बिलाला वीस लागतात. रोजचं टार्गेट मात्र कुणी बदललं नाही. शिवाय अवघड बिल ओळखायची नजर शेकडो सोपी बिलं हाताखालून गेल्यावरच येते. नवीन पोरांना ती आता मिळणार कुठून?

आणि हे सगळं तंत्रज्ञानामुळं झालं असंही नाही. बॉट तर आधी वर्षभर तयार होऊन पडला होता. तेव्हा क्लायंट माणशी दरमहा पैसे द्यायचा, म्हणजे माणूस कमी केला की कंपनीचंच बिल घटायचं. मग करार बदलला आणि दर बिलामागे पैसे ठरले. त्या दिवसापासून कमी होणारा प्रत्येक माणूस कंपनीचा नफा झाला. सहा महिन्यांत अठराचे सात झाले.

अकरा जणांपैकी एकालाही कपातीचं पत्र मिळालं नाही. त्याचं कारण कायद्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत कारकुनी काम स्पष्ट लिहिलेलं होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन द्यावं लागतं. राजीनाम्याला यातलं काही लागत नाही. म्हणून एचआर एकेकाला केबिनमध्ये बोलावून म्हणतो, ‘तूच रिझाइन कर, रिलीव्हिंग लेटर चांगलं देतो.’ एकविसाव्या वर्षी नोकरीला लागलेली पोरगी त्या केबिनमध्ये कायद्याची व्याख्या काढून वाद घालत बसत नाही.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. १९९८ मध्ये आमच्या वारणा खोऱ्यात ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प आला. सत्तर गावांसाठी संगणक केंद्रं उभी राहिली, उसाची माहिती तिथं मिळू लागली. पुढं २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी सात गावांत संगणकाऐवजी एसएमएसचा प्रयोग केला. ऊस किती भरला, खत आलं का, हे शेतकऱ्यानं घरी बसून मोबाइलवर विचारायचं. केंद्रावरच्या ऑपरेटरचं काम त्यातही कमी होणारच होतं, ते मी नाकारत नाही. पण वाचलेला हेलपाटा शेतकऱ्याचा होता, आणि खर्च वाचला तर तो ज्या कारखान्याचा तो सभासद, त्याच्याच. पुण्यात वाचलेल्या पैशावर त्या अकरा जणांचा कसलाच हक्क नव्हता. बॉटला शिकवायला वापरलेली जुनी बिलं मात्र त्यांनीच तपासलेली होती. निदान अवघड बिलाचा दर वेगळा लावा, उरलेल्यांचं टार्गेट कमी करा आणि कपातीला कपात म्हणा. एवढंही करारात बसत नसेल, तर ती स्लाइड दाखवू नका.

गेल्या महिन्यात क्लायंटनं विचारलं, एकाच सप्लायरला दोनदा पैसे कसे गेले? एका बिलावर नंबर होता `0457/23-24`, दुसऱ्यावर `457/2324`. बॉटला ती दोन बिलं वाटली. उरलेल्या सातांपैकी तो सप्लायर कुणालाच माहीत नव्हता. शेवटी लाज गिळून मी कोडोलीला फोन लावला.

“दादा, त्यांचा अकाउंटंट महिनाअखेरीला तेच बिल परत पाठवतोय,” ती म्हणाली. “मी दर महिन्याला एक बाजूला काढायची. कुणी विचारलंच नाही.”