अंबडमध्ये महिनाभर राहून पुण्याची नोकरी: खोली मिळते, दुसरी लाइन मिळते का?

अंबड : कोरोनानंतर कंपन्यांनी घरून काम करायची मुभा दिली आणि ‘महिनाभर एखाद्या गावी राहू, तिथूनच काम करू’ अशी एक रीत पडली. आधी हे गोव्याचं आणि कोकणातलं प्रकरण होतं. आता जालन्यावरून वंदे भारत जाते, समृद्धी महामार्ग आला आणि अंबड जालन्यापासून तासाभराच्या आत आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी तालुक्यातली पोरंही वर्षातून महिनाभर इकडे येऊन काम करायचं म्हणतात. कुणाचं गावातलं घर पडकं, कुणाच्या घरात लहान लेकरं, म्हणून शहरात खोली बघतात. ज्याच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, त्याच्यासाठी हे भाडं आहे. पण अशा पाहुण्याची गरज एसटीतल्या मास्तरांच्या किंवा बँकेतल्या साहेबांच्या गरजेपेक्षा वेगळी असते, आणि तिथंच फसगत होते.

समजा, पुण्याच्या कंपनीत काम करणारी एक मुलगी जानेवारीत महिनाभरासाठी आली. रोज चार तास व्हिडिओ मीटिंग. एका तासाच्या मीटिंगला साधारण एक ते दीड जीबी डेटा जातो, म्हणजे दिवसाला पाच-सहा जीबी. तिच्या मोबाइलचा प्लॅन रोज दोन जीबीचा असेल तर दुसरी मीटिंग संपेपर्यंत तो संपला. ‘अनलिमिटेड 5जी आहे की’ असं घरमालक सांगतात. ते खरं, पण फोन 5जीवर असेल तेवढ्यापुरतंच. गच्चीवर 5जी दिसतं आणि स्लॅबखाली, दार लावलं की तोच फोन 4जीवर येतो, मग रोजची मर्यादा मोजली जाते. म्हणून खोली बघताना फोन दारात धरून उपयोग नाही. टेबल जिथं मांडायचं तिथं बसून, दार-खिडकी बंद करून बघायचं.

फायबरची लाइन हवीच, पण एका महिन्यासाठी नवं कनेक्शन घेणं पाहुण्याला परवडत नाही. जोडणीचा खर्च असतो, आणि बरेच ऑपरेटर तीन-सहा महिन्यांचे पैसे आधी मागतात. तेव्हा कनेक्शन घरमालकानं स्वतःच्या नावावर घ्यावं आणि भाड्यात धरावं. मात्र लाइन त्याच्या नावावर असते, त्यामुळे काही गैरप्रकार झाला तर पहिली विचारणा त्यालाच होणार. पाहुण्याच्या ओळखपत्राची प्रत आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती, ही दोन कामं ‘ओळखीतलाच पोरगा आहे’ म्हणून टाळू नयेत. राऊटर खालच्या मजल्यावर आणि खोली वर, हीसुद्धा नेहमीची चूक. दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडून वाय-फाय निम्मंही पोहोचत नाही. राऊटरपासून वरपर्यंत लॅनची वायर ओढली की प्रश्न मिटतो.

वेग तपासायचा तर मोबाइलवर fast.com उघडा. पहिला मोठा आकडा डाउनलोडचा असतो आणि लोक तोच बघून खूश होतात. मीटिंगमध्ये आपला आवाज आणि चेहरा पलीकडे जातो तो अपलोडवर. तो खालच्या जादा माहितीत दिसतो. अपलोड पाच एमबीपीएसच्या वर टिकून असेल तर मीटिंग चालते. आकडा एकदा बघून भागत नाही. रात्री आठ-दहाला गल्लीतल्या सगळ्या घरांत मालिका आणि क्रिकेट सुरू असतं, तेव्हा बघा. अमेरिकेच्या वेळेत काम करणाऱ्याची मीटिंग नेमकी त्याच वेळी असते.

आता खरी अडचण, वीज. राऊटरला वीज फार लागत नाही, दहा-बारा वॅट. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो आणि तो तीन-चार तास काढतो. लॅपटॉपची बॅटरी त्याची त्याला असते. म्हणजे घरापुरता बंदोबस्त सोपा आहे. पण वीज गेल्यावर ऑपरेटरच्या ऑफिसातला इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, हे कुणी विचारत नाही. हे ओळखायची खूण राऊटरजवळच्या डब्यावर असते. ‘LOS’ दिवा लाल लुकलुकत असेल तर घराकडं येणारा प्रकाशच थांबलाय, म्हणजे ऑपरेटरकडचं यंत्र बंद पडलं किंवा वायर तुटली. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचं हे आवडतं काम. ‘PON’ दिवा हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर घोळ पलीकडे, ऑपरेटरकडे. पहिल्या वेळी माणूस पाठवा म्हणायचं, दुसऱ्या वेळी माणूस येऊन काही उपयोग नसतो.

म्हणून दुसरी लाइन लागते, आणि ती दुसऱ्या कंपनीची. फायबर ज्या कंपनीचं, मोबाइल सिमही त्याच कंपनीचं असेल तर मुख्य केबल तुटल्यावर दोन्ही एकदम जाऊ शकतात. वीज लांबली तर टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात. तेव्हा खोली ठरवण्याआधी घरापुरती एक परीक्षा घ्या. मालकाला मेन स्विच पाडायला सांगा आणि अर्धा तास व्हिडिओ कॉल लावून बसा. जो मालक याला नको म्हणतो, त्याची खोली नको.

यातही एक गोष्ट कुणाच्या हातात नाही. अंबड तालुक्यानं ती अनुभवली आहे. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात 26 फेब्रुवारी 2024 ला तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड या तिन्ही जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद झालं. अशा दिवशी दोन सिम असली काय आणि चार असली काय. कंपनीत आधीच सांगून ठेवणं आणि एखादी सुटी शिल्लक ठेवणं, एवढंच करता येतं.

बाकी खोलीचं म्हणाल तर पाणी आधी विचारा. नळाला किती दिवसांनी येतं, टाकी केवढी, टँकरचे पैसे कुणाचे. उन्हाळ्यात कूलरलाही पाणी लागतं. एसी लावला तर सबमीटर बसवा, कारण युनिट वाढले की बिलाचा वरचा दर लागतो आणि मालकाचं भाडं बिलातच जातं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण नवरात्र सोडून. मत्स्योदरी देवीच्या यात्रेत गावात गर्दी असते आणि लाउडस्पीकर रात्री दहापर्यंत चालतात. एरवी हीच टेकडी पाहुण्याला सकाळी फिरायला मिळते, ही खरी कमाई. लग्नसराईत डीजेचं काय करायचं याला उत्तर नाही, चांगला हेडफोन सोडून.

दिवसाचं गणित खानावळीवर ठरतं. दुपारी दोन ते रात्री अकरा काम करणाऱ्याला रात्री साडेनऊला गरम जेवण मिळणं अवघड. डबा साडेसातला घ्यायचा, नाहीतर मालकिणीशी जेवणाचं ठरवायचं. घरमालकाला भाड्याहून जास्त पैसे अनेकदा या जेवणातच सुटतात.

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोंटा दो सोल नावाचं छोटं गाव आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथं अशा पाहुण्यांसाठी सांस्कृतिक केंद्रातच टेबल-खुर्च्या आणि इंटरनेट मोफत ठेवलं, राहायच्या खोल्या गावातल्या लोकांच्या. आपल्याकडं तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आहेत. टेबल, वाय-फाय, इन्व्हर्टर सगळं असतं. पण तिथं बोलायला बंदी, आणि ती असायलाच हवी. एखाद्या अभ्यासिकावाल्यानं बाजूची एक बंद खोली फक्त कॉलसाठी तासावर दिली, तर विद्यार्थ्यांना त्रास नाही आणि खोलीत नेट गेलेल्या पाहुण्याला पाच मिनिटांत बसायला जागा. एवढी सोय झाली की दुसऱ्या लाइनचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.