पैठणीला कात्री लावण्याआधी

शिवलेल्या नऊवारीत पैठणी एकदा कापली की परत जोडता येत नाही. म्हणून नवरीच्या कामाचे वेळापत्रक आणि हप्ते कटिंगच्या दिवसाभोवती बांधावे लागतात. करंजा, उरण, पनवेल या पट्ट्यातून वाचकांच्या तक्रारी येतात त्या नेमक्या याच टप्प्याच्या. कटिंग आधी झाले, पैसे लग्नानंतर म्हणून राहिले आणि काष्टा आखूड निघाला.

समजा, लग्न १० डिसेंबरचे आणि शिलाई, आरीकाम धरून मजुरी २०,००० रुपये. पहिली बैठक ऑगस्टच्या मध्यावर घ्यावी. करंजाच्या कोळी घरांत १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीमुळे हात आखडलेला असतो, होड्या नुकत्याच समुद्रात गेलेल्या असतात. तेव्हा पहिला हप्ता ४,००० पुरे. मापे उभी आणि बसलेली, दोन्ही घ्यावीत, लग्नात घालायच्या चपलेसकट.

सप्टेंबरात कच्चा नमुना शिवावा. ब्लाऊजला मांजरपाट चालतो. नऊवारीला तो चालत नाही, कारण त्याच्या ताठपणामुळे निऱ्यांचा अंदाज चुकतो. जुनी मऊ साडी घ्यावी. नमुना घालून नवरीने पाटावर मांडी घालून बसावे, वाकावे, हार घालताना उचलतात तसे हात वर करावेत. बसताना पुढच्या निऱ्या घोट्यावरून वर ओढल्या गेल्या किंवा जांघेत शिवण ताणली, तर काष्ट्याची खोली कमी पडली आहे. उभ्या मापात हा दोष दिसतच नाही. हात वर करताना ब्लाऊज हातांबरोबर उचलला गेला, तर मुंढा फार खाली उतरला आहे. दुरुस्ती नमुन्यावर करून तोच कटिंगला वापरावा. ‘एवढी वर्षे शिवतो, नमुना कशाला’ म्हणणाऱ्या कारागिरांच्याच साड्या परत येतात.

पितृपक्षात बहुतेक घरे लग्नाचे कापड कापू देत नाहीत. म्हणून कटिंग दसऱ्यानंतर ठरवावे आणि त्याआधी दुसऱ्या हप्त्याचे १०,००० जमा व्हावेत. आरीकाम दिवाळीपूर्वी उरकावे, कारण सणाला कारागीर गावी जातात. धावदोऱ्यावरचे पहिले फिटिंग दिवाळीच्या सुमारास, शेवटचे २० नोव्हेंबरच्या आसपास. लग्नाच्या धावपळीत वजन उतरते, म्हणून ब्लाऊजच्या बाजूंना दीड इंच माया ठेवावी.

उरलेले ६,००० शेवटच्या फिटिंगलाच घ्यावेत आणि साडी ३० नोव्हेंबरपर्यंत द्यावी. हळदीच्या आदल्या दिवशी हिशेब मागितला की घरातले नाराज होतात, आणि लग्नानंतर मागितला तर पैसे महिनोनमहिने अडकतात.

या हंगामापासून प्रत्येकाने पावतीवर एवढे छापून घ्यावे : दुसरा हप्ता आल्याशिवाय आणि नमुना पास झाल्याशिवाय कापड कापले जाणार नाही. आणि ओळखीच्या घरालाही हाच नियम लावावा.