कौल पत्त्यांचा नव्हे

‘नातं ठेवू की तोडू?’ असं विचारत कोणी टॅरोच्या पत्त्यांपुढे बसलं, की रीडरने सरळ निकाल द्यावा, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. समोरचा माणूस विचार करकरून थकलेला असतो. त्यालाच पुन्हा ‘तुम्ही ठरवा’ म्हणायचं, तर पत्ते पिसायचे कशाला?

पण हा आक्षेप पत्त्यांना देवळातला कौल समजतो. कौलात उजवी-डावीचा अर्थ आधीच ठरलेला असतो. टॅरोत ७८ चित्रं आहेत. एकावरही ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलेलं नाही.

सहा वर्षांचं नातं घेऊन आलेल्या एका मुलीसाठी मी तीन पत्ते मांडले. पहिली जागा ‘राहिले तर’, दुसरी ‘सोडलं तर’, तिसरी ‘मला काय दिसत नाही’. पहिल्या जागी ‘एट ऑफ कप्स’ आला : रचलेले आठ पेले मागे टाकून डोंगराकडे निघालेला पाठमोरा माणूस. दुसऱ्या जागी ‘थ्री ऑफ स्वोर्ड्स’ : पावसात, तीन तलवारींनी भोसकलेलं काळीज. निकालच द्यायचा तर पहिला पत्ता म्हणतो ‘नीघ’ आणि दुसरा म्हणतो ‘निघू नकोस’. आता यातला कुठला खरा मानायचा? जो मानू, तो रीडरचा कल. पत्त्यांच्या नावावर खपवलेला.

म्हणून मी विचारलं, “हा पाठमोरा माणूस कोण वाटतो?” मला वाटलं, ती मित्राचं नाव घेईल. ती म्हणाली, “मीच. राहते त्याच्याजवळ, पण मनाने केव्हाच निघालेय.” तिसरा पत्ता ‘टू ऑफ स्वोर्ड्स’ होता : डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीशी दोन तलवारींची फुली. त्याकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, “तलवारी तिनेच धरल्यात की!”

यावर कोणी म्हणेल, मग कुठलंही चित्र चाललं असतं. चाललं असतं, कबूल. पत्त्याचा उपयोग एवढाच, की मनातली गोष्ट टेबलावर येते आणि तिच्याकडे बोट दाखवता येतं. त्यापुढे पत्त्याचा अधिकार नाही. म्हणूनच ‘त्याच्या मनात काय आहे’ हे मी वाचत नाही. तो समोर नसतो. उत्तर पटलं नाही म्हणून पुन्हा पिसतही नाही. न पटणं हेच तिचं उत्तर असतं. आणि घरात मारहाण होत असेल तर पत्ते गुंडाळून ठेवायचे. तिथे आधी सुरक्षित जागा शोधायची.

निघताना तिने विचारलंच, “मग कार्डं काय म्हणतात?” मी म्हटलं, “मघापासून तूच बोलते आहेस.” ती हसली. “रविवारी त्याला सांगते,” म्हणाली. सांगायचं काय, ते मी विचारलं नाही.