घरसंसार : रश्श्याचा डाग आणि उकळते पाणी

पांढरे लुगडे किंवा सदरा हा आपल्या घरातला मानाचा कपडा. 14 एप्रिल असो की वैशाखी पौर्णिमा, पेटीतून तोच निघतो. जेवणावळीत त्यावर रस्सा सांडला, मुलाचा गुडघा फुटून रक्त लागले किंवा पाळीचा डाग पडला की आपण काय करतो? लगेच चुलीवर पाणी ठेवतो, सोडा टाकतो आणि कपडा उकळतो. तेल-तूप आणि रोजचा मळ काढायला ही रीत चांगली. पण रक्त, अंडे, दूध आणि मासोळी यांच्या डागाला नेमकी हीच रीत घातक ठरते. असे का होते, ते आज पाहू.

अंडे फोडून त्याचा पांढरा बलक थंड पाण्यात टाका आणि ढवळा. बराचसा पाण्यात मिसळून जाईल. तोच बलक उकळत्या पाण्यात टाकला तर त्याच्या पांढऱ्या गाठी होतात आणि मग कितीही थंड पाणी ओतले तरी त्या विरघळत नाहीत. बलक म्हणजे पाणी आणि प्रथिन. प्रथिन हे मण्यांच्या लांब माळेसारखे असते आणि ही माळ गुंडाळून छोटी गोळी झालेली असते. गोळी आहे तोवर ती पाण्यात तरंगते. पाणी साधारण 60 अंशांच्या वर तापले की गोळ्या उलगडतात, माळा एकमेकींत अडकतात आणि घट्ट गाठ बसते. कपड्यावरच्या रक्ताचे आणि रश्श्याचे तसेच होते. फरक एवढाच की इथे माळा सुताच्या धाग्यांतही गुंततात. डाग कपड्यातच शिजतो, असे म्हटले तरी चालेल. गरम इस्त्रीनेही हेच होते.

म्हणून पहिली पायरी थंड पाण्याची. डाग ओला असतानाच कपडा उलटा धरा आणि मागच्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर जाईल. पुढून चोळला तर तो आणखी आत जातो. ताजे रक्त पुष्कळदा एवढ्यानेच निघते.

वाळलेल्या डागाला मात्र मदत लागते आणि ती करतात एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्यांना विकरे म्हणतात. आपण मासोळी खातो तेव्हा पोटातली विकरेच तिच्या प्रथिनांचे तुकडे करतात. कपडे धुण्यासाठी हेच काम करून घ्यावे, असे जर्मनीतल्या ओटो रोम या रसायनशास्त्रज्ञाने ठरवले आणि 1913 साली त्याचे पेटंट घेतले. त्याने जनावरांच्या स्वादुपिंडातले विकर वापरले होते. साबणाच्या पाण्यात ते फार टिकत नसे. पुढे 1960 च्या सुमारास जिवाणूंपासून मिळवलेले विकर आले. सोड्याच्या खारट पाण्यातही ते नीट काम करते. आज बऱ्याच धुण्याच्या पावडरींत तेच असते.

हे विकर कात्रीसारखे आहे. प्रथिनाची माळ ते मधेमधे तोडते. तुकडे लहान झाले की धाग्यातली पकड सुटते आणि ते पाण्याबरोबर निघून जातात. एक तुकडा तोडून कात्री संपत नाही, ती पुढच्या माळेकडे जाते. म्हणून विकर अगदी थोडे पुरते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. प्रत्येक कात्री आपापल्याच कामाची. प्रथिनाची वेगळी, भाताच्या पेजेतल्या पिष्टाची वेगळी, तेलाची वेगळी.

आता मुख्य मुद्दा. विकर हेसुद्धा एक प्रथिनच आहे. उकळत्या पाण्यात डाग शिजतो तशी ही कात्रीही शिजते आणि तिची धार जाते. म्हणजे महाग पावडर आणून ती उकळत्या पाण्यात टाकली तर दुहेरी नुकसान होते.

समजा पांढऱ्या सुती लुगड्यावर मासोळीच्या रश्श्याचा कालचा डाग आहे. आधी वाळलेला थर चमच्याच्या कडेने खरवडा आणि मागून थंड पाणी सोडा. मग चार-पाच लिटर कोमट पाण्यात दोन सपाट मोठे चमचे विकराची पावडर विरघळवा. कोमट म्हणजे हात सुखाने ठेवता येईल एवढे, साधारण 40 अंश. उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या उन्हात ठेवलेली बादली दुपारपर्यंत आपोआप तेवढी होते, सरपण जाळायला नको. त्यात लुगडे तासभर बुडवून ठेवा, जुन्या डागाला रात्रभर. या पाण्यात ब्लीचिंग पावडर मुळीच टाकू नका, त्याने विकर मरते. नंतर हलके चोळून खळबळा आणि ओले असतानाच उजेडात धरून पाहा. डाग दिसला तर पुन्हा भिजवा. पूर्ण गेल्यावरच इस्त्री करा. तेलाचा भाग उरला असेल तर आता गरम पाणी चालेल, कारण शिजायला प्रथिन उरलेले नाही.

रश्श्यातली हळद मात्र या कात्रीने तुटत नाही, कारण ती प्रथिन नव्हे, रंग आहे. साबण लागला की ती लाल होते, त्याने घाबरू नका. कपडा धुऊन उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत ती विटते. पानाचा डाग किंवा विडीच्या तंबाखूचा डागही विकराच्या कामाचा नाही.

आधीच उकळून बसलेला डाग असेल तर? दोन-तीन रात्री भिजवून तो फिका होतो, कधी निघतोही. पण गाठ घट्ट असल्याने कात्री वरवरूनच चालते, म्हणून खात्री देता येत नाही.

पावडरीत विकर आहे की नाही, हे पुष्कळदा पुडीवर लिहिलेले असते. सुट्या पावडरीची परीक्षा घरी होते. उकडलेल्या अंड्याच्या बलकाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक साध्या साबणाच्या पाण्यात आणि एक त्या पावडरीच्या पाण्यात टाकून दोन दिवस उबेला ठेवा. विकर असेल तर दुसऱ्या तुकड्याच्या कडा झिजलेल्या दिसतील. ही भांडी मुलांपासून दूर ठेवा.

शेवटी आपल्या जिल्ह्यापुरती एक खास सूचना. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावासारख्या गावांत कोशाचे कापड विणतात. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरची अळी हा कोश बनवते. आतला पतंग बाहेर यायच्या वेळी तोंडातून एक द्रव सोडतो. त्यात प्रथिन तोडणारे विकरच असते. त्याने कोशाचा डिंक सैल होतो आणि पतंग वाट काढतो. असा भोक पडलेला कोश सलग धाग्याच्या कामाचा राहत नाही, म्हणून कारागीर पतंग निघायच्या आधीच कोश वाफवतात. यावरून ओळखा की कोसा आणि रेशीम हीसुद्धा प्रथिनेच आहेत, लोकरही तशीच. पावडरीतल्या कात्रीला डाग आणि धागा यांतला फरक कळत नाही. तिच्यात भिजवलेली कोशाची करवती साडी निस्तेज होते आणि हळूहळू विरते. ती थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न भिजवता हलक्या हाताने धुवावी.