बारा कडव्यांचा पाळणा आणि छत्तीस फोटो

यंदाच्या पानासाठी विषय शोधावा लागला नाही. आपल्या मंडळात या वर्षी चार-पाच पहिले वाढदिवस झाले, त्यात आमच्या लेकीचाही होता. प्रत्येक ठिकाणी हॉलमध्ये दिवे मंद झाले आणि पडद्यावर बाळाच्या फोटोंचा व्हिडिओ लागला. आमचा व्हिडिओ पाहून तिघीजणींनी विचारलं, "गाणं आणि फोटो इतके बरोबर कसे जुळले गं?" त्याचं उत्तर इथे सविस्तर देते.

उत्तराची सुरुवात गाण्यापासून होते. बहुतेक घरांत आधी फोटो निवडतात, ते ओळीने लावतात आणि शेवटी खाली एखादं गाणं सोडून देतात. मी उलटीकडून गेले. आधी गाणं ठरवलं, त्याची लांबी मोजली आणि त्या लांबीत मावतील तेवढेच फोटो घेतले. वर्षभरात फोनमध्ये अडीच हजारांच्या वर फोटो साठले होते. त्यांच्याकडे बघत बसलं की प्रत्येकच गोड वाटतो. गाणं सव्वातीन मिनिटांचं आहे हे एकदा कळलं की हात आपोआप आवरतो.

गाणं निवडताना मी अंगाई न घेता पाळणा घेतला. आपण दोन्ही शब्द सरसकट वापरतो, पण अंगाई झोपवायची आणि पाळणा बारशाचा. आपल्या जुन्या पाळण्यांमध्ये पहिला दिवस, दुसरा दिवस असा हिशेब चालतो आणि तो बहुतेकदा बाराव्या दिवसाशी, म्हणजे नाव ठेवण्याशी येऊन थांबतो. आमच्या सासूबाई म्हणतात त्या पाळण्याला बारा कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यानंतर जोजोचं पालुपद. बारा कडवी आणि वर्षाचे बारा महिने! एका कडव्याला एक महिना, इतका सरळ साचा आयता मिळाला.

सासूबाई कराडला असतात. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "अगं, माझा आवाज आता फाटलाय. एखादी बाई चांगली गायलेली असेल ती लाव की." पण विकतचं गाणं लावलेला व्हिडिओ नातेवाइकांसाठी कुठे चढवला की हक्काच्या कारणावरून त्याचा आवाज बंद होऊ शकतो, हे एक कारण. दुसरं, आम्हाला आजीच हवी होती. व्हिडिओ कॉलवर म्हटलेलं गाणं मात्र रेकॉर्ड करू नका. लाइन हलली की मधली अक्षरं गळतात आणि ती परत मिळत नाहीत. त्यांनी स्वतःच्या फोनवर साध्या रेकॉर्डरमध्ये गाणं घेतलं. पंखा बंद, फोन उशीवर, तोंडापासून वीतभर लांब. पुतण्याने ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. मागे कुठेतरी कुकरची एक शिट्टी आहे, ती मी काढली नाही.

आता वेळेचं गणित. पूर्ण पाळणा १९५ सेकंदांचा झाला. व्हिडिओच्या ॲपमध्ये सगळे फोटो गाण्याच्या लांबीत सारखे वाटून देणारं बटण असतं. ते दाबलं तर प्रत्येक कडव्याच्या वाट्याला सव्वासोळा सेकंद येतात. पण आजी काही घड्याळ लावून गात नाही. त्यांची पहिली चार कडवी पंधरा-पंधरा सेकंदांची होती, पुढची चार सोळाची, नंतरची तीन सतराची आणि शेवटचं, नाव ठेवण्याचं कडवं त्यांनी लांबवून वीस सेकंदांचं केलं होतं. म्हणजे पाचवं कडवं साठाव्या सेकंदाला सुरू होतं, आणि सारख्या वाटणीत पाचव्या महिन्याचा फोटो पासष्टाव्याला येतो. नववं कडवं १२४व्या सेकंदाला, त्याचा फोटो १३०व्याला. गंमत अशी, की शेवटाकडे ही तफावत पुन्हा कमी होते आणि दोन्ही एकत्रच संपतात. त्यामुळे नुसती सुरुवात आणि शेवट तपासला तर सगळं ठीक वाटतं. तपासायचं ते मधलं, सहाव्यापासून दहाव्या कडव्यापर्यंत.

म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसले. गाणं लावलं आणि प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द आला की सेकंद लिहिला, पालुपद सुरू झालं की पुन्हा लिहिला. बारा कडवी म्हणजे चोवीस आकडे, दहा मिनिटांचं काम. प्रत्येक कडव्याला तीन फोटो दिले. कडव्याच्या ओळी साधारण दहा सेकंद चालतात, त्यावर दोन फोटो, आणि पालुपदावर एक. असे छत्तीस. एक फोटो विरून दुसरा येतो त्याला सेकंदभर लागतो, तो बदल शब्दाच्या अर्धा सेकंद आधी सुरू केला की शब्द आणि चेहरा एकदम पोचतात.

मजकूर फक्त पहिल्या फोटोवर, पालुपदावर कधीच नाही. पालुपद सगळ्यांना पाठ असतं, हॉलमधल्या आज्या तिथे सूर मिळवतात. त्या वेळी त्यांना वाचायला लावू नये. पहिला फोटो पाच-सहा सेकंद टिकतो, तेवढ्यात काय वाचून होईल? शाळेत फळ्यावर लिहिताना जी कसोटी लावायचे तीच इथे लावली: ओळ मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचून व्हायला हवी. पाच-सहा शब्दांच्या पुढे ती टिकत नाही. "आज आमची सोनुली पहिल्यांदाच कुणाच्याही मदतीशिवाय पालथी पडली" हे गेलं आणि "पालथी पडले, मग रडले" एवढं राहिलं.

देवनागरीची एक अडचण सांगून ठेवते. काही ॲप जोडाक्षरं फोडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला टाकतात आणि दुसऱ्या, तिसऱ्या यांतला ऱ्या नीट दाखवत नाहीत. सुरुवातीलाच 'बोरन्हाण', 'उष्टावण', 'पहिल्या', 'दुसऱ्या' हे चार शब्द टाकून बघा. एकही बिघडला तर त्या ॲपमध्ये लिहू नका. सादरीकरणाच्या स्लाइडवर मजकूर लिहा, ती स्लाइड चित्र म्हणून जपून ठेवा आणि ते चित्र फोटोवर बसवा. चित्रातलं अक्षर कुठेही मोडत नाही.

फोटोंचा क्रमही फोनवर सोडू नका. भारतातून व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत काढल्याची मूळ तारीख राहत नाही. अँड्रॉइडवर त्याचं नाव IMG-20240114-WA0007.jpg असं असतं आणि त्यातली तारीख व्हॉट्सॲपवरच्या देवाणघेवाणीची असते, फोटो काढल्याची नव्हे. आजोबांनी मार्चमध्ये काढलेले कान टोचल्याचे फोटो मे महिन्यात पाठवले तर ते मेमध्येच जाऊन बसतात. मी बारा फोल्डर केले आणि हाताने वाटले.

आता खरा प्रश्न, ज्यावर आमच्या घरी तीन रात्री बोलणं झालं. लेक सात आठवडे आधी, तेहतिसाव्या आठवड्यात जन्मली. पहिले चोवीस दिवस ती इस्पितळातच होती. पहिल्या कडव्याला फोटो होते ते सगळे नळ्यांचे. नवऱ्याचं म्हणणं, ते नकोत, सुरुवात घरी आणल्यापासून करू. मला ते पटेना, कारण मग पहिलं कडवं रिकामं राहत होतं आणि ते दिवस तर आम्ही काढले होते. शेवटी एकच फोटो घेतला: त्याच्या करंगळीभोवती तिची मूठ. चेहरा नाही, यंत्र नाही. ओळ लिहिली, "वजन १ किलो ९०० ग्रॅम". उरलेल्या दोन जागी कराडच्या घरातला रिकामा पाळणा आणि आजीने शिवलेली दुपटी.

लवकर जन्मलेल्या बाळाची प्रगती बघताना डॉक्टर साधारण दोन वर्षांपर्यंत ते लवकरचे आठवडे वजा करतात. ती आठ महिन्यांची असताना बसली, म्हणजे त्या हिशेबाने साडेसहाव्या महिन्याच्या आसपास. पण पडद्यावर "आठवा महिना : बसायला लागले" दिसलं की हॉलमध्ये कुणीतरी "आमचा तर सहाव्यातच..." म्हणणारच. म्हणून महिन्याचे आकडे लिहिलेच नाहीत. मोजणी पाळणा करतोय, ओळीत फक्त काय घडलं ते. ती गुडघ्यांवर कधी रांगलीच नाही. बूड घसटत फिरायची. ओळ आली, "बूड घसटत स्वयंपाकघरापर्यंत". जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत आणि अमेरिकेतलीही मुलं होती. त्यात शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती, आणि एकट्याने चालणं साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्यापर्यंत कधीही आलेलं दिसलं.

हा शेवटचा आकडा बाराव्या कडव्यासाठी कामाला आला. तिथे "चालायला लागले" हवं, असा एका नातलगांचा आग्रह होता. दोन्ही हात धरून काढलेला फोटो आहेच, वरचे हात कापून टाकू, कुणाला कळतंय? मी नाही म्हटलं. फोटोत हात तसेच ठेवले आणि लिहिलं, "हात धरून उभी". त्या वीस सेकंदांच्या कडव्यात मला चौथ्या फोटोचीही जागा होती, पण पालुपदावरचा एकच फोटो लांबवला. आजी लांबवतात तिथे आपण घाई करायची नाही.

हॉलसाठी दोन गोष्टी. फोनचे उभे फोटो आडव्या पडद्यावर टाकताना ॲप त्यांना भरून घेतं आणि टाळू किंवा हनुवटी कापतं. फोटो पूर्ण ठेवून बाजूला त्याचाच धूसर भाग पसरवा. आणि फोटो हळूहळू मोठा होण्याची हालचाल ठेवलीत तर ती डोळ्यांकडे जाते ना, हे प्रत्येक फोटोचं बघा. आमच्याकडे एकात ती केकच्या डब्याकडे जात होती.

कराडला जी प्रत पाठवली तिच्यातली अक्षरं दीडपट मोठी केली आणि तीही डॉक्युमेंट म्हणूनच पाठवली. सासूबाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. मुठीच्या फोटोबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आठव्या कडव्यात माझा सूर घसरलाय, आणि तुझी लेक नेमकी तिथंच हसतेय."