व्याज रोखीवरच हवे

कर्जत-खालापूरच्या आम्हा कापड व्यापाऱ्यांपैकी कुणाचे जीएसटी रिटर्न उशिरा गेले की सबंध करावर व्याज मागणारी नोटीस येते, आणि माणूस घाबरून पैसे भरतो. ही आकारणी चूक आहे.

समजा, कर 60,000 रुपये. पैकी 48,000 खरेदीच्या क्रेडिटमधून वळते झाले, 12,000 रोख भरले. उशीर 73 दिवस. 18 टक्क्यांनी रोखीवर व्याज 432 रुपये, सबंध करावर 2,160!

कलम 50 मधील 2021 ची दुरुस्ती 1 जुलै 2017 पासून लागू आहे. व्याज रोख भागावरच. मात्र विक्री त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये, खात्याची कारवाई सुरू होण्यापूर्वी दाखवलेली हवी.

बांधवांनो, नोटिशीला हिशेबासह लेखी उत्तर द्या. आदेश निघाला असल्यास कलम 161 खाली तीन महिन्यांत दुरुस्ती मागा.