रेघेबाहेरचे बुडीत

१/ धरणाची किंमत कोण मोजणार, हे नकाशावरची एक रेघ ठरवते. गडचिरोलीतील सिरोंचा तालुका याची साक्ष देतो.

२/ १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांना येथील आदिवासींनी आणि बाबा आमटे यांनी विरोध केला. जंगल व गावे बुडणार, हे उघड होते. ती धरणे झाली नाहीत.

३/ गोदावरीवरील मेडिगड्डा बंधारा मात्र २०१९ मध्ये झाला. २०१६ च्या करारात महाराष्ट्राने तेलंगणाची मागणी खाली आणून जलपातळी १०० मीटरवर ठरवली. त्यामुळे कागदावरचे बुडीत क्षेत्र लहान झाले.

४/ परंतु ही पातळी अडवलेल्या संथ पाण्याची. पुरात फुगवटा त्याहून वर चढतो, काठ खचतो, शेतात वाळू साचते. सिरोंचातील शेतकऱ्यांची तक्रार नेमकी हीच आहे. रेघेबाहेरच्या शेताचे भूसंपादन होत नाही. म्हणून त्याचा मालक प्रकल्पग्रस्तही ठरत नाही. पाणी मात्र तेलंगणाच्या शिवारासाठी.

५/ २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले, तेव्हा चौकशी बसली. खचलेल्या शेतांचीही तशीच मोजणी व्हावी. बुडीताची रेघ पूररेषेवरून आखावी, आणि भरपाई पाणी नेणाऱ्याने द्यावी.